मावळतीचं ऊन आणि केशरी गाल

"सूर्यास्ताच्या उजेडात काढलेल्या फोटोत चेहरा गाजरासारखा केशरी येतो. तो नीट करायला गेलं तर फोटोतून संध्याकाळच निघून जाते. मग करायचं काय?"

फोटो उबदारच राहू द्या. रंग उतरवायचा तो फक्त उन्हात आलेल्या त्वचेचा, आणि तोही थोडाच. सगळ्या फोटोचं टेम्परेचर, म्हणजे रंगांची ऊब, खाली ओढून हे काम होत नाही, कारण बिघाड सगळ्या फोटोत नसतोच.

तो चेहऱ्यावरच का दिसतो, हे एकदा कळलं की पुढचं सोपं जातं. सूर्य क्षितिजाजवळ आला की त्याचा उजेड हवेच्या खूप जाड थरातून येतो. वाटेत निळा भाग विखुरला जातो आणि आपल्यापर्यंत पोचतो तो मुख्यतः पिवळा-तांबडा. हा उजेड पांढऱ्या कापडावर पडला तर कापड सोनेरी दिसतं, आणि ते छानच दिसतं. त्वचेचं तसं नाही. त्वचेतलं मेलॅनिन आणि रक्तातलं हिमोग्लोबिन, दोन्ही निळा उजेड शोषून घेतात. म्हणजे उजेडात निळा आधीच कमी, आणि उरलेल्यातला बराचसा त्वचा खाऊन टाकते. कॅमेऱ्याला मिळतो भरपूर लाल, मध्यम हिरवा आणि अगदी थोडा निळा. आपल्याकडच्या गव्हाळ-सावळ्या रंगात मेलॅनिन जास्त, त्यामुळे निळा आणखी घटतो. किनाऱ्यावर उभं असताना डोळा त्या उजेडाला सरावलेला असतो, म्हणून तिथे कुणाला काही खटकत नाही. घरी पांढऱ्या भिंतीसमोर बसून स्क्रीनवर तोच चेहरा बघितला की खटकतं.

दुसरी गोष्ट, मावळतीचा मूड उन्हाची बाजू आणि सावलीची बाजू यांच्यातल्या फरकावर उभा असतो. एका गालावर सूर्याचा सोनेरी उजेड, दुसऱ्या गालावर आकाशाचा थंड उजेड. टेम्परेचरचा स्लायडर या दोन्हींना एकदमच निळ्याकडे ढकलतो. उन्हातला गाल ठीक होईपर्यंत सावलीतला गाल राखट झालेला असतो आणि आकाशातला सोनेरी रंग उडालेला असतो. संध्याकाळ जाते ती अशी.

एक उदाहरण घेऊन सगळं करून बघू. दिवेआगरच्या किनाऱ्यावर डिसेंबरातल्या संध्याकाळी काढलेलं पोर्ट्रेट आहे. लग्न ठरलेली मुलगी, अंगावर मोतिया रंगाची सुती साडी, नाकात सोन्याची नथ, हातावर मेंदी. सूर्य तिच्या उजव्या हाताला, पाण्यावर टेकायला आलेला. फाइल रॉ आहे, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची माहिती जशीच्या तशी, आणि व्हाइट बॅलन्स कॅमेऱ्यातच डेलाइटवर ठेवलेला, म्हणजे साधारण ५५०० केल्विन. काम लाइटरूम क्लासिक या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये.

सुरुवातीला व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर उन्हातल्या पदरावर टेकवला. लाइटरूमने ३५०० च्या आसपासचा आकडा दिला. तो वापरायचा नाही. त्याने पदर शुभ्र झाला आणि सावलीतला गाल निळा-जांभळा पडला. पण या आकड्याने एक हद्द कळली. ५५०० ला जे होतं तसंच्या तसं केशरी, ३५०० ला सगळी संध्याकाळ गायब. मी या दोन्हींच्या मधे, पण उबेच्या बाजूला, ४८०० वर थांबलो. चेहरा अजूनही केशरीच आहे आणि असू दे. इथे बघायचं ते आकाश आणि वाळू. ती दोन्ही सुंदर दिसत असतील तर हा स्लायडर पुन्हा हलवायचा नाही.

मग प्रोफाइल, म्हणजे रॉ फाइलमधले रंग कसे दाखवायचे याचा तयार साचा. Vivid किंवा Landscape प्रकारचं प्रोफाइल लावलं असेल तर निम्मा केशरीपणा तिथूनच येतो. मी Adobe Portrait घेतो. कॉन्ट्रास्टवरही लक्ष ठेवा, तो वाढवला की रंगही गडद होत जातात.

आता आकडे वाचायचे. डेव्हलप मोड्यूलमध्ये माउस गालावर नेला की हिस्टोग्रामखाली लाल, हिरवा आणि निळा यांची टक्केवारी दिसते. उन्हातल्या गालावर लाल ८२, हिरवा ५१, निळा २७. सावलीतल्या गालावर ३८, ३०, २६. उन्हातल्या पदरावर ९८, ८४, ६०. नीट बघितलं तर उन्हातला गाल सावलीपेक्षा कितीतरी उजळ आहे, लाल दुपटीच्या वर गेलाय, पण निळा जागचा हललेलाही नाही. डोळ्याला खुपणारा केशरी तो हाच. सावलीतल्या गालाला काहीही झालेलं नाही, त्यामुळे त्याला हात लावायचं कारण नाही.

लाइटरूममध्ये ऑक्टोबर २०२२ पासून माणसाच्या चेहऱ्याची, अंगाची, ओठांची, डोळ्यांची वेगवेगळी मास्क आपोआप बनतात, म्हणजे बदल तेवढ्याच भागाला लागू करता येतो. त्यातली `Face Skin` आणि `Body Skin` ही दोन निवडून एकच मास्क केला. हात वगळले तर हनुवटीखाली टेकवलेला हात चेहऱ्याहून निराळ्या माणसाचा वाटतो, म्हणून दोन्ही एकत्र. यात अजून सावलीतली त्वचाही आहे. मास्कशेजारच्या तीन टिंबांवर क्लिक करून `Intersect Mask With` मधून `Luminance Range` घेतला आणि गडद भाग बाहेर काढला. उजळाकडून गडदाकडे जाताना कड हळूहळू विरली पाहिजे, नाहीतर नाकाच्या बाजूला एक रेघ उमटते. आता मास्कमध्ये उरली ती फक्त उन्हातली त्वचा.

लाल रंगाचा ओव्हरले चालू करून मास्क एकदा १०० टक्के झूमवर तपासा. इथे नथीचा थोडा भाग त्वचेत धरला गेला होता. तसाच ठेवला असता तर सोनं पितळी दिसलं असतं. ब्रशने तो भाग वजा केला. मेंदीचंही तसंच, तिचा रंगच केशरी-तपकिरी, तो उतरवून चालणार नाही. एवढ्याचसाठी मी या कामाला कलर मिक्सरमधला नारिंगी स्लायडर वापरत नाही. वाळू, सोनं, मेंदी, आकाशाची खालची कड हे सगळं नारिंगीतच येतं, आणि एका स्लायडरने सगळ्यांचंच तेज जातं.

या मास्कमध्ये `Saturation` उणे १८, `Temp` उणे ८ आणि एक्सपोजर अगदी किंचित खाली. गाल आता साधारण ७८, ५४, ३५ दाखवतो. लाल थोडा खाली आला, निळा बऱ्यापैकी वर आला, आणि तिघांचा क्रम तोच राहिला. `Hue` मी हलवला नाही. केशरी दिसतंय म्हणून तो पिवळ्याकडे सरकवला की चेहरा आजारी दिसतो, लालकडे सरकवला की उन्हात भाजल्यासारखा. बहुतेक वेळा रंग चुकलेला नसतो, तो फक्त गडद झालेला असतो. ओठ या मास्कबाहेर राहतात आणि गाल शांत झाल्यावर तेच भडक वाटू लागतात. त्यांचं वेगळं मास्क घेऊन `Saturation` पाच-सात अंकांनी उतरवलं की पुरतं.

किती उतरवायचं याचा पक्का आकडा नाही, कारण प्रत्येकाची त्वचा वेगळी. पण कसोटी आहे, आणि ती फोटोतच असते. गालाला लागून असलेला उन्हातला पदर बघा. पदर सोनेरी आहे, म्हणजे गालही त्याच उन्हात सोनेरी असायलाच हवा. पदर सोनेरी आणि गाल मात्र ट्यूबलाइटखालचा, असं झालं तर चेहरा दुसऱ्या फोटोतून कापून चिकटवलेला वाटतो. तिथून मागे या. उलट गालावर गुलाबी आणि तपकिरी छटा वेगवेगळ्या दिसत नाहीत, सगळा गाल एकाच रंगाने लिंपल्यासारखा आहे, तर अजून थोडं उतरवायला वाव आहे. साडीऐवजी पांढरा शर्ट, मोगऱ्याचा गजरा, काहीही चालतं. तेही नसेल तर डोळ्यातलं पांढरं बघा. ते हलकं पिवळसर असावं. पांढरंफेक दिसलं तर जास्त झालंय.

हे सगळं रॉ फाइलचं. फोनचा जेपेग असेल आणि गालावर लाल १०० ला टेकलेला, निळा ५-१० वर असेल, तर तिथे त्वचेचा तपशील शिल्लकच नसतो. रंग उतरवला की गालावर राखट, सपाट डाग उमटतात. रॉमध्येही निळा फार वर खेचला तर त्यातला नॉइज वर येतो आणि मानेवर ठिपके दिसायला लागतात. मग कलर नॉइज रिडक्शन थोडं वाढवायचं, आणि तेवढ्याने भागलं नाही तर केशरीपणा थोडा तसाच सोडायचा. डागाळलेल्या गालापेक्षा केशरी गाल केव्हाही बरा.

काम रात्री करत असाल तर स्क्रीनचा नाइट लाइट बंद केलाय ना, हे आधी बघा. तो चालू असला की स्क्रीन स्वतःच पिवळी होते, डोळा तिला सरावतो आणि केशरी चेहराही ठीक वाटतो. सकाळी तोच फोटो नवरीच्या फोनवर भडक दिसतो. हळदीचे संध्याकाळचे फोटो हा मात्र वेगळा मामला. तिथे चेहरा खरोखरच पिवळा असतो. त्यात मी मास्क लावतच नाही, फक्त लाल टोकाला जात नाही ना एवढं सांभाळतो.

आणि फोटो अजून काढायचाच असेल तर निम्मं काम तिथेच उरकतं. सूर्य समोरून चेहऱ्यावर घेण्याऐवजी माणसाला वळवा आणि सूर्य खांद्यामागे घ्या. केसांच्या कडेला सोनेरी रेघ येते आणि चेहऱ्यावर आकाशाचा मऊ उजेड पडतो. चेहरा काळोखा वाटला तर फ्लॅश चालेल, पण त्यावर नारिंगी जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, हवं. उघडा फ्लॅश डेलाइटच्या जवळचा असतो, त्याने चेहरा पांढरा आणि मागचं सगळं सोनेरी, असं दुभंगलेलं चित्र येतं. पूर्ण नारिंगी जेलने पुन्हा तोच केशरी गाल पदरात पडतो, म्हणून मी अर्धं, म्हणजे हाफ सीटीओ लावतो आणि फ्लॅशची ताकद इतकी कमी ठेवतो की डोळ्यात चमक येईल, पण गालावर फ्लॅश पडल्याचं कळणार नाही.