फोरआर्मच्या मागच्या बारा स्नायूंवर बसवलेली इंग्रजी

दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि अकरावी-बारावीला इंग्रजीतलं बायोलॉजी, अशा वाटेने एमबीबीएसला आलेल्या कोल्हापूरकडच्या मुलांना इंग्रजी अगदीच नवीन नसतं. फिजिऑलॉजी आणि बायोकेमिस्ट्री अडखळत का होईना, वाचता येतात. खरी अडचण अ‍ॅनाटॉमीत होते, कारण तिथली नावं इंग्रजी नसून लॅटिन असतात आणि वाक्यं मात्र लांबलचक इंग्रजी. मी माझी वाचायची पद्धत बसवली ती फोरआर्मच्या मागच्या बाजूच्या स्नायूंवर. तिथे बारा स्नायू आहेत, नावं एकमेकांसारखी आहेत, आणि पाठ करायला गेलं की दुसऱ्याच दिवशी सगळ्यांचा काला होतो. म्हणून उदाहरण त्यांचंच घेते.

आधी एक साधी गोष्ट नीट करावी लागते. मराठीत 'हात' म्हणजे खांद्यापासून बोटांपर्यंत सगळं. पुस्तकात 'आर्म' म्हणजे फक्त खांदा ते कोपर, 'फोरआर्म' म्हणजे कोपर ते मनगट आणि 'हँड' त्यापुढचा. तसंच 'लेग' म्हणजे अख्खा पाय नाही, गुडघा ते घोटा एवढाच. हे पक्कं नसेल तर पुढचं वाक्य व्याकरणाने कळूनही चुकीच्या जागी बसतं. आपल्या तालमीतली भाषा इथे शाळेच्या पुस्तकापेक्षा नेमकी आहे: दंड म्हणजे आर्म, मांडी म्हणजे थाय. उलट 'शीर' आणि 'नस' हे शब्द अभ्यासापुरते बाजूला ठेवावेत. मूठ आवळली की मनगटावर ताठ होतात त्यांनाही आपण शिराच म्हणतो, पण त्यातले बरेचसे टेंडन असतात. शाळेत त्यांना स्नायुरज्जू म्हणत. नर्व्ह, व्हेन आणि टेंडन या तिन्हींना घरी एकच शब्द असेल, तर डोक्यात तीन वेगळे कप्पे मुद्दाम करावे लागतात.

आता नावं. 'एक्स्टेन्सर कार्पाय रेडियालिस लाँगस' हे नाव उजवीकडून डावीकडे वाचायचं: लांब, रेडियसकडचा, मनगटाचा, सरळ करणारा. लॅटिनमध्ये विशेषण बहुधा नामामागून येतं, मराठीत आधी येतं, म्हणून उलटं वाचलं की नाव सरळ मराठी होतं. 'कार्पाय' ही 'कार्पस'ची षष्ठी आहे. इथे मराठी माध्यमाचा खरा फायदा होतो, कारण विभक्ती आणि सामान्यरूप आपण शाळेत घोटलेलं असतं. 'अंगठा'चं जसं 'अंगठ्याचा' होतं, तसं 'पोलेक्स'चं 'पोलिसिस' होतं. 'इंडेक्स'चं 'इंडिसिस' म्हणजे तर्जनीचा. 'डिजिटाय मिनिमाय' म्हणजे सर्वांत लहान बोटाचा, म्हणजे करंगळीचा. 'डिजिटोरम' मात्र अनेकवचन आहे: बोटांचा. एवढ्यावर 'एक्स्टेन्सर डिजिटोरम', 'एक्स्टेन्सर इंडिसिस' आणि 'एक्स्टेन्सर डिजिटाय मिनिमाय' हे तिघे आपोआप वेगळे होतात. 'हॅल्युसिस' दिसलं की थांबायचं. तो पायाचा अंगठा, म्हणजे आपण भलत्याच पानावर आहोत.

शेवटचा शब्दही फुकट नसतो. 'लाँगस' आहे म्हणजे कुठेतरी 'ब्रेव्हिस' असणारच, आणि परीक्षक विचारतात तो नेमका या दोघांतला फरक. लाँगस सुरू होतो ह्यूमरसच्या लॅटरल सुप्राकाँडायलर रिजच्या खालच्या एक तृतीयांश भागातून आणि संपतो दुसऱ्या मेटाकार्पलच्या बेसवर, मागच्या बाजूने. ब्रेव्हिस सुरू होतो जरा खाली, लॅटरल एपिकाँडाइलवरून, आणि संपतो तिसऱ्या मेटाकार्पलच्या बेसवर. हाड हातात घेऊन या दोन जागांवर बोट ठेवलं की लांब-आखूड का म्हटलं ते दिसतं.

आता ही युक्ती कुठे फसते तेही बघा. 'कार्पाय' म्हणजे मनगट हलवणारा. मनगटाच्या हाडावर संपणारा असा त्याचा अर्थ नाही. वरचे दोघेही मनगट ओलांडून मेटाकार्पलवर जातात. नावावरून इन्सर्शन ओळखायला गेलं की हमखास चुकतं. दुसरा फसवा स्नायू ब्रॅकिओरेडियालिस. नाव फक्त आर्म ते रेडियस एवढंच सांगतं. तो मागच्या गटात मोजला जातो, नर्व्हही रेडियलच, पण काम कोपर वाकवण्याचं. नर्व्ह तर कोणत्याच नावातून नीट कळत नाही, ती गटावरून लक्षात ठेवायची: या बाराही स्नायूंना रेडियल नर्व्ह किंवा तिची डीप ब्रँच पुरवठा करते.

वाक्यांचा घोळ निराळा. पुस्तकात सगळं कर्मणी प्रयोगात असतं आणि कर्ता 'बाय'च्या मागे लपलेला असतो. पुढच्या बाजूचं एक उदाहरण घ्या. 'द मीडियन नर्व्ह इज सेपरेटेड फ्रॉम द अल्नर आर्टरी बाय द डीप हेड ऑफ प्रोनेटर टेरिस.' घाईत वाचणारा पहिलं नाव आणि क्रियापद जोडतो आणि नर्व्हच काहीतरी वेगळं करते असं समजतो. मी 'बाय'खाली रेघ मारून त्याच्या पुढचं आधी वाचते: प्रोनेटर टेरिसचं डीप हेड, मीडियन नर्व्हला, अल्नर आर्टरीपासून वेगळं करतं. मग लगेच पेन्सिलीने तीन थर काढते: वर नर्व्ह, मध्ये डीप हेड, खाली आर्टरी. चित्र काढता आलं नाही तर वाक्य कळलेलं नाही, मग प्रत्येक शब्दाचा अर्थ येत का असेना. चित्र झाल्याशिवाय पुढच्या वाक्याला हात लावायचा नाही. सुरुवातीला याने एक पान संपायला संध्याकाळ जाते. पण अशी क्रियापदं फार नाहीत. अरायझेस, इन्सर्टेड, पियर्सेस, क्रॉस्ड बाय, वाइंड्स राउंड अशी दहा-पंधरा सवयीची झाली की वेग आपोआप वाढतो.

परिभाषा कोश घेऊन प्रत्येक संज्ञेचा मराठी प्रतिशब्द लिहायच्या भानगडीत मी तरी पडत नाही. यकृत, जठर, कास्थी हे शाळेतले शब्द आधीच येतात, त्यांचा उपयोग करावा. पण सुप्राकाँडायलर रिजला नवा संस्कृत शब्द पाठ करणं म्हणजे एका अडचणीच्या दोन करणं.

समासात देवनागरीत उच्चार लिहायला हरकत नाही, स्पेलिंग मात्र रोमन लिपीतच हवं. कारण असं की कमरेच्या हाडाचा भाग आणि लहान आतड्याचा शेवटचा भाग, दोन्ही देवनागरीत 'इलियम'च दिसतात. हाडाच्या स्पेलिंगमध्ये 'एल'नंतर 'आय' येतो, आतड्याच्या स्पेलिंगमध्ये 'ई'. पेरोनियल आणि पेरिनियल तर हस्ताक्षर जरा वाकडं झालं की एकच. पहिलं पायाचं, दुसरं मांड्यांमधल्या भागाचं.

व्हायव्हात बोलताना अ‍ॅबडक्शन आणि अ‍ॅडक्शन घाईत सारखेच ऐकू येतात, म्हणून 'ए-बी-डक्शन', 'ए-डी-डक्शन' असं फोडून म्हणायचं. शिक्षकही तसंच म्हणतात. उत्तराचा साचा मी चार वाक्यांचा ठेवला आहे: कुठून निघतो, कुठे संपतो, नर्व्ह कोणती, काम काय. एक्स्टेन्सर कार्पाय रेडियालिस लाँगसचं काम विचारलं तर 'एक्स्टेन्शन' म्हणून थांबायचं नाही. तो अंगठ्याच्या बाजूने जातो, म्हणून मनगटाचं ए-बी-डक्शनही करतो, आणि परीक्षक बहुतेक वेळा त्या दुसऱ्या अर्ध्याचीच वाट बघत असतात.