एक वर्षाच्या मुलीला झोपवणे

“एवढ्याशा पोरीला झोपवायला रोज इतका सोहळा कशाला? आणि तो किती वेळ चालवायचा?”

सोहळा अर्ध्या तासाचा आहे आणि त्यात चारच गोष्टी आहेत. आधी कोमट पाण्याने अंघोळ, मग दूध, मग दात स्वच्छ करणे, आणि शेवटी मंद उजेडाच्या खोलीत एक चित्रांचे पुस्तक व एक अंगाई. मे महिन्यातही मी पाणी कोमटच घेते आणि त्यावरून मला टोमणे मिळतात. पण कोमट पाण्याने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, आतली उष्णता बाहेर पडते, आणि शरीराचे तापमान असे उतरू लागले की झोप यायला मदत होते. दूध मी मुद्दाम शेवटी ठेवत नाही. ते शेवटी ठेवले तर दुधाचा थर रात्रभर दातांवर राहतो. शिवाय तोंडात दूध असतानाच डोळा लागण्याची सवय झाली, की रात्री जाग आल्यावर मुलाला पुन्हा तेच हवे असते.

अर्धाच तास का, तर तासभर रेंगाळणाऱ्या कार्यक्रमात मूल झोपेच्या वेळेपलीकडे जाते. मग त्याला झोप येण्याऐवजी उलट चेव चढतो. डोळे चोळणारे, कान ओढणारे मूल अचानक खदखदून हसत पलंगभर धावू लागले, तर त्याला ताजेतवाने समजू नये. ते अतिशय दमलेले असते.

आता अमळनेरची गोष्ट. गेल्या उन्हाळ्यात लग्नासाठी आम्ही सासरी राहिलो होतो. बाहेर ऊन असे, की दुपारी कोणी दाराबाहेर पाय ठेवत नसे. कूलरच्या गार वाऱ्यात आणि घरघरीत मुलगी साडेपाचपर्यंत गाढ झोपायची. घरी ती साडेतीनला उठत असे. तरीही ठरल्याप्रमाणे आठ वाजता मी तिला अंघोळ घातली, दूध दिले, आतल्या खोलीत नेले. ती ताठ होऊन किंचाळू लागली. ओसरीवर वीसेक माणसे जेवायला बसली होती. मी बाहेर आले तेव्हा पंगतीतल्या एका चुलतसासूबाई सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “झोप उनी का पोर आपोआप झोपी जाई. पण हिले घड्याळ लागस.” सगळे हसले. माझे पती पानाकडे बघत राहिले, आणि ते मला त्या हसण्याहून जास्त लागले. मुलगी शेवटी अकराला झोपली, तीही सासूबाईंनी झोळीत घालून हलवल्यावर. रात्री झोका थांबला, की ती उठे. पहाटेपर्यंत आम्ही आळीपाळीने दोरी ओढत होतो.

चुलतसासूबाईंचे म्हणणे अर्धे खरे होते आणि ते मान्य करणे मला आजही जड जाते. या वयाच्या मुलाला दिवसाची शेवटची झोप संपल्यापासून साधारण चार ते पाच तास जागे राहावे लागते, तेव्हा कुठे रात्रीची झोप साठते. साडेतीनला उठलेल्या मुलीला आठ ही वेळ योग्य होती. साडेपाचला उठलेलीला आठला आडवे करणे म्हणजे भूक नसताना ताटावर बसवणे. दुसऱ्या दिवशी मी अंघोळ नऊला सुरू केली. क्रम तोच, अर्धा तासही तोच. साडेनऊला ती अंगाई संपायच्या आत निवांत झाली आणि मी तिला जागीच असताना खाली ठेवले. घरी परतल्यावर दुपारची झोप साडेतीनलाच मोडू लागले, तेव्हा रात्रीची वेळ आपोआप आठवर आली.

अर्धे खोटे ते असे, की झोप आली तरी उजेड, गलका आणि मांडीवरून मांडीवर फिरणे चालू असेल, तर वर्षाचे मूल ती सहज उडवून लावते. अंधार पडला की शरीरात झोपेचे संप्रेरक वाढते. ट्यूबलाइट आणि मोबाइलच्या प्रकाशाने ते दबते. म्हणून अंघोळीनंतर मी मोठे दिवे बंद करते, आणि रात्री नऊला दुकानातून येऊन तिला उठवू पाहणाऱ्या तिच्या वडिलांना अडवते. त्यांना दिवसभरात मुलगी भेटतच नाही, हे मला कळते. म्हणून सकाळची अंघोळ आता त्यांच्याकडे आहे.

झोळीशी माझे वैर नाही. प्रत्येक मूल रात्री अनेकदा अर्धवट जागे होते, आणि ज्या अवस्थेत झोप लागली ती अवस्था शोधते. झोळी हलवायला रात्रभर कोणी तयार असेल, तर खुशाल वापरावी. ताप किंवा दात येत असतील, तर मीही सगळा क्रम बाजूला ठेवून तिला कुशीत घेते. मग घडी पुन्हा बसवायला काही रात्री जातात. त्या रात्री ती रडू लागली, तर लगेच उचलावे की दोन-चार मिनिटे थांबावे, यावर आम्हा नवरा-बायकोचे अजून एकमत नाही, आणि खरे सांगायचे तर माझे माझ्याशीही नाही.