बाबांचा टॅब, माझा हॉटस्पॉट आणि सोसायटीची कोटेशनं

मागच्या उन्हाळ्यात आई-बाबा आमच्याकडे श्टुटगार्टला आले होते तेव्हा ऱ्हाइनचा धबधबा बघायला जायचं ठरलं, म्हणजे स्वित्झर्लंडमधल्या शाफहाउझेनजवळ, ट्रेन इथून थेट जाते, सकाळी निघायचं, एक रात्र तिकडे राहायचं आणि परत. डबे भरले, आईने थेपले पण घेतले (आम्ही गुजराती नाही, पण प्रवासात थेपलेच), आणि मी फक्त एकच गोष्ट नीट केली नाही ती म्हणजे मोबाइल डेटा.

आता इथे राहणाऱ्यांना माहिती आहे की २०१७ च्या जूनपासून युरोपियन युनियनमध्ये रोमिंग घरच्यासारखंच झालंय, जर्मनीचं सिम घेऊन फ्रान्सला जा, इटलीला जा, तोच प्लॅन चालतो. पण स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाहीये. काही प्लॅनमध्ये ते धरलेलं असतं, माझ्यात नव्हतं, म्हणून मी ५०० एमबीचा एक पास घेतला, म्हटलं नकाशे आणि थोडं व्हॉट्सअॅप, दोन दिवस आरामात निघतील. आई-बाबांकडे भारतातली सिम, त्यांचं रोमिंग बंद, त्यामुळे ते दोघं माझ्या हॉटस्पॉटवर.

सिंगेन स्टेशन गेलं की थोड्याच वेळात सीमा लागते, फोनवर वेलकमचा मेसेज आला, बाहेर मस्त हिरवंगार, आणि लगेचच दुसरा मेसेज, तुमचा ८० टक्के डेटा संपला. मी नुसता फोनकडे बघत बसलो, मी तर काहीच केलं नव्हतं!

संशय पहिल्यांदा आईवर गेला कारण ती रील बघते, पण तिचा फोन पर्समध्ये होता. मग बाबांचा टॅब घेतला. अॅण्ड्रॉइडमध्ये नेटवर्कच्या सेटिंगमध्ये वायफायचा डेटा वापर अॅपवार दिसतो, तिथे पाहिलं तर सगळ्यात वर जीमेल, जवळजवळ ३०० एमबी. मेलला ३०० एमबी? साध्या मजकुराची मेल काही केबीची असते, दिवसभर वाचल्या तरी एवढं होत नाही.

तर झालं असं होतं की बाबा आमच्या सोसायटीचे खजिनदार आहेत, आणि त्यांनी ट्रेनमध्ये बसल्या बसल्या, वेळ जात नव्हता म्हणून, सोसायटीचं मेल अकाउंट टॅबवर नव्याने टाकलं. इमारतीच्या रंगकामाची कोटेशनं येत होती, प्रत्येक काँट्रॅक्टरने स्कॅन केलेल्या पीडीएफ आणि भिंतींच्या भेगांचे फोटो पाठवलेले, एकेक मेल १५-२० एमबीची. नवीन अकाउंट टाकलं की जीमेल आधी मागच्या ३० दिवसांच्या मेल आणून ठेवतं (`Days of mail to sync` नावाची सेटिंग असते ती), आणि त्याखालीच आणखी एक टिकमार्क आहे, अलीकडच्या मेलची अटॅचमेंट वायफायवर आपोआप उतरवायची. टिक होती. आणि टॅबच्या दृष्टीने माझा हॉटस्पॉट हे वायफायच होतं!

मुद्दा सगळा इथेच आहे. आपण म्हणतो अटॅचमेंट फक्त वायफायवर, मग निर्धास्त. पण ‘वायफाय’ म्हणजे फुकट नेट असं आपण समजतो, अॅप मात्र पुष्कळदा एवढंच बघतं की सिमवरून येतंय की वायफायवरून, त्या वायफायच्या पलीकडे घरचा राउटर आहे की पोराचा महागडा रोमिंग पास, हे त्याला कसं कळणार. टॅबने सांगितलं तेच केलं, चूक माझीच, मी आधी बघायला हवं होतं.

मग तिथेच ट्रेनमध्ये बसून दुरुस्त केलं. अॅण्ड्रॉइडला प्रत्येक वायफाय नेटवर्कबद्दल हाताने सांगता येतं की हे मोजून मिळणारं आहे, त्या नेटवर्कच्या नावासमोरच्या गिअरवर टॅप करायचं, आत `Treat as metered` निवडायचं (काही कंपन्यांच्या फोनमध्ये नाव थोडं वेगळं असतं). त्याच्या जोडीला `Data Saver` चालू केलं की मागे गुपचूप चालणारी अॅप अशा नेटवर्कवर थांबतात. नुसतं पहिलं करून मी थांबलो नाही, कारण कुठलं अॅप ते किती मानतं याचा भरवसा काय, म्हणून जीमेलमधलीच मुळं तोडली: मेनू, मग Settings, मग ते अकाउंट, खाली `Data usage` चा भाग. अटॅचमेंटची टिक काढली, दिवस ३० चे ३ केले, आणि `Images` मध्ये `Ask before displaying external images` निवडलं. हे प्रत्येक अकाउंटला वेगवेगळं करावं लागतं हं, बाबांच्या स्वतःच्या अकाउंटला केलं म्हणजे सोसायटीच्याला झालं असं नाही.

चित्रांचं थोडं सांगतो. दुकानांच्या, विमान कंपन्यांच्या मेलमधली मोठमोठी चित्रं बहुतेक वेळा मेलमध्ये नसतातच, फक्त त्यांचा पत्ता असतो, मेल उघडली की ती सर्व्हरवरून येतात. `Ask before` ने ती थांबतात, मेल जरा उघडीबोडकी दिसते, हवी तर बटण दाबून त्या एका मेलची मागवता येतात. पण काकांनी मेलमध्ये चिकटवून पाठवलेला फोटो या सेटिंगने थांबत नाही, तो मेलचाच भाग असतो. शिवाय मेल मुळात मजकुरासाठी बनलेली असल्यामुळे फोटो आधी अक्षरांत बदलून पाठवला जातो आणि त्यात तो साधारण एक तृतीयांशाने फुगतो, ३ एमबीचा फोटो प्रवासात ४ एमबी होतो.

माझा आयफोन आहे, त्यात मी मेल अॅपचं `Fetch New Data` मध्ये जाऊन `Push` बंद केलं आणि खाली `Manually` ठेवलं, म्हणजे मी अॅप उघडीन तेव्हाच मेल येईल. चित्रं अडवायची तर आधी `Protect Mail Activity` बंद करावं लागतं, त्याशिवाय `Block All Remote Content` दिसतच नाही, हे शोधायला मला बराच वेळ लागला होता. आणि ते बंद केलं की प्रायव्हसीचं जे एक पांघरूण होतं ते जातं, त्यामुळे घरी आल्यावर मी परत चालू केलं.

एक अडचण मात्र झाली. मागे गुपचूप चालणारा डेटा बंद म्हणजे मेलचं नोटिफिकेशनही येत नाही, आणि आईच्या बँकेचा ओटीपी मेलवर येतो. ती बिचारी वाट बघत बसली, दोनदा ओटीपी एक्स्पायर झाला. मग कळलं की ओटीपी मागवायचा, लगेच मेल अॅप उघडायचं आणि स्क्रीन खाली ओढायची, आली मेल. नुसता मजकूर, त्याला डेटा लागतोच किती.

परतीच्या ट्रेनची तिकिटं पीडीएफमध्ये मेलवर होती, ती मी हॉटेलच्या वायफायवर पोचल्या पोचल्या डाउनलोड करून फाइल्समध्ये ठेवली, कारण मेलमध्ये दिसतेय म्हणजे फोनमध्ये आहे असं नसतं, पुष्कळदा नुसतं नाव दिसतं आणि टॅप केलं की ती खेचायला लागते, नेमकी तिकीट चेकर समोर उभा असताना.

धबधबा बघून रात्री हॉटेलवर आलो तर बाबा रिसेप्शनजवळच्या सोफ्यावर, जिथे वायफायची रेंज चांगली होती तिथे, चष्मा लावून एकेक कोटेशन उघडत बसले होते. सगळ्यात मोठी पीडीएफ, २२ एमबीची, ज्याने पाठवली होती त्याचा दर सगळ्यात जास्त निघाला. "एवढे फोटो कशाला टाकले याने, भेगा काय मी बघितल्या नाहीत?" म्हणाले, आणि पुढची उघडली.