श्वासाबरोबर बदलणारे ठोके ईसीजीच्या पट्टीवर मोजताना

बेळगावात लष्कर भरतीचे दिवस आले की खानापूर, निपाणी, चिकोडीकडची तालमीतली पोरं ईसीजी काढायला येतात. यंत्र वर छापतं ‘सायनस ॲरिदमिया’, म्हणजे ठोक्यांमधलं अंतर कमीजास्त, आणि पोरगं घाबरतं. बहुतेक वेळा हा श्वासाचा परिणाम असतो: आत घेताना ठोके वाढतात, सोडताना कमी होतात. पण तो श्वासाचाच आहे हे पट्टीवर दाखवता आलं पाहिजे. ते मी कसं करतो ते सांगतो.

नेहमीचा ईसीजी जेमतेम दहा सेकंदांचा असतो, त्यात संथ श्वास एखादाच बसतो. म्हणून लीड दोनची सलग एक मिनिटाची पट्टी घेतो, वेग सेकंदाला २५ मिमी. पेशंटला पाच मिनिटं उताणं झोपू देतो. मग घड्याळावर पाच सेकंद श्वास आत, पाच सेकंद बाहेर, असे मिनिटाला सहा श्वास. सूचना पेशंटच्या भाषेत द्यायची, कुणाला “घ्या, सोडा”, कुणाला “उसिर तगोरी, बिडरी”. कागदावर प्रत्येक श्वासाच्या सुरुवातीला पेनानं खूण करायची. ही खूण नसेल तर पुढचं मोजमाप अंदाजपंचे होतं.

एका पोराच्या पट्टीत श्वास आत घेताना लागोपाठच्या दोन उंच टोकांमधलं अंतर २२, २०, १९, १८, १८, १८ मिमी असं घटत गेलं. सोडताना २०, २३, २५, २५, २४. एक मिमी म्हणजे ०.०४ सेकंद, म्हणून १५०० ला अंतरानं भागलं की मिनिटाचे ठोके मिळतात. १८ मिमीला ८३, २५ मिमीला ६०. फरक २३. सहाही श्वासांचे फरक २३, २१, २४, २२, २०, २२ निघाले, सरासरी २२. या चाचणीत १५ किंवा जास्त फरक चांगला धरतात, १० किंवा कमी असेल तर कमी, मधला काठावरचा. मात्र वयाबरोबर हा फरक आपसूक घटतो, त्यामुळे साठीच्या माणसाला विशीचं माप लावू नये.

हे होतं कशामुळे? हृदयातली ठोके सुरू करणारी गाठ, सायनस नोड, एकटी सोडली तर मिनिटाला शंभराच्या आसपास चालते. व्हेगस नावाचा मज्जातंतू तिला विश्रांतीत कासरा ओढून धरल्यासारखा खाली ठेवतो. श्वास आत घ्यायचा आदेश मेंदूच्या लंबमज्जेतून निघतो तेव्हा तिथल्याच व्हेगसच्या पेशी दबतात. फुप्फुसं ताणल्याचा संदेशही त्यांना आणखी दाबतो. कासरा सैल होतो, ठोके वाढतात. श्वास सोडताना त्या पेशी पुन्हा जाग्या होतात आणि व्हेगसच्या टोकांशी ठोके मंदावणारं ॲसिटिलकोलिन हे रसायन सुटतं. त्याचा परिणाम सेकंदाच्या आत दिसतो, म्हणून तो प्रत्येक श्वासाबरोबर बदलू शकतो. ठोके वाढवणाऱ्या सिंपथेटिक मज्जातंतूंचा परिणाम यायला-जायला काही सेकंद लागतात, ते इतक्या लवकर मागे-पुढे होऊ शकत नाहीत. ॲसिटिलकोलिनला अडवणारं ॲट्रोपिन हे औषध दिलं की हा चढउतार जवळपास नाहीसा होतो, तो याच कारणानं. आणि श्वास भरभर घेतला तर ॲसिटिलकोलिनचा परिणाम पुरता ओसरायच्या आतच पुढचा सुरू होतो, फरक लहान दिसतो. म्हणून सहाचा वेग.

चुकतं कुठं, तर बहुधा श्वासातच. कुणी श्वास भरून थांबतो, कुणी कण्हत जोर लावतो. जोर लावला की छातीतला दाब बदलतो आणि रक्तदाबामार्फत ठोक्यांचं वेगळंच चित्र उमटतं. असा श्वास मी मोजतच नाही, पुन्हा घ्यायला लावतो. दुसरी फसगत मध्येच आलेल्या लवकरच्या ठोक्याची. त्याच्या आधीचं अंतर आखूड आणि नंतरचं लांब, दोन्ही धरली तर फरक खोटाच मोठा निघतो. तो श्वास वगळायचा.

पी लाट, म्हणजे उंच टोकाआधीचा छोटा उंचवटा, प्रत्येक ठोक्याआधी तशीच आहे ना, आणि तिथून क्यूआरएसपर्यंतचं, म्हणजे त्या उंच टोकाच्या लाटेपर्यंतचं अंतर बदलत नाही ना, हेही बघतो. मग हलकेच, जोर न लावता, दहा सेकंद श्वास रोखायला सांगतो. श्वासाचा परिणाम असेल तर अंतरं बरीच सारखी होतात. पी लाटाच नाहीत आणि श्वास रोखूनही ठोके अस्ताव्यस्तच राहिले, तर ती पट्टी लगेच डॉक्टरांसमोर ठेवायची.

उलट बाजू बरीच वर्षं मधुमेह असलेल्यांची. अशा एका पट्टीत आखूड अंतर १७.५ मिमी, लांब १८ मिमी, म्हणजे ८६ आणि ८३, फरक फक्त ३. वरवर अगदी सरळ, देखणी पट्टी. पण व्हेगसचे तंतू कमजोर झाल्याची ती खूण असू शकते. ॲमिट्रिप्टिलिनसारखी गोळीही हा फरक खाली आणते, म्हणून चालू औषधांची यादी मी पट्टीवरच लिहितो.