गूय बॅलन्सवर मँगनीज सल्फेट: ५.४ चा घोळ

बीएस्सीला आमचं ठरलेलं, 4s आधी भरतं म्हणजे जातंही शेवटीच, असं मी डोक्यात पक्कं करून बसलो होतो आणि Mn²⁺ चं कॉन्फिगरेशन वहीत 3d³ 4s² असं बिनधास्त लिहून टाकलेलं. मॅडम काहीच बोलल्या नाहीत, म्हणाल्या "मोज आणि दाखव."

प्रॅक्टिकल साधंच आहे. काचेच्या नळीत पावडर भरायची, खालचं टोक चुंबकाच्या दोन ध्रुवांच्या मधे लोंबकळत ठेवायचं, चुंबक बंद असताना आणि चालू असताना वजन घ्यायचं. एकेकटे इलेक्ट्रॉन असतील तर नळी खाली ओढली जाते, वजन वाढतं. आधी ओळखीच्या मीठाने कॅलिब्रेशन, मग आपलं सॅम्पल. n एकटे इलेक्ट्रॉन असतील तर √(n(n+2)) बोर मॅग्नेटॉन. माझ्या वहीतलं खरं असेल तर ३ एकटे, म्हणजे ३.८७ यायला हवं.

आलं ५.४. ना धड ४ चं (४.९०), ना ५ चं (५.९२)! अर्धा तास कॅल्क्युलेशन तपासत बसलो, मग लॅबवाल्या काकांनी नळी उचलून बघितली, तळाशी पावडर सैल होती. तिथेच तर फील्ड सगळ्यात जोरात असतं, तिथे माल कमी म्हणजे ओढही कमी. रिकामी करून थोडी थोडी भरत टेबलावर ठोकत ठोकत पुन्हा भरली. ५.९.

म्हणजे ५ एकटे, 3d⁵. 4s चे दोन्ही आधीच गेलेले, कारण आयन झाल्यावर 3d ची पातळी 4s च्या खाली उतरते. भरण्याचा क्रम न्यूट्रल अणूचा असतो, काढण्याचा वेगळा, हे मला तेव्हा कळलं.

पण पाचही एकाच दिशेला का? जोड्या लावल्या तर एकच उरतो, १.७३. आपण समजतो की छोटे चुंबक एकमेकांना वळवतात, पण ती ओढ फारच किरकोळ असते. खरं कारण पाउलीचं (१९२५) बंधन. दोन इलेक्ट्रॉनची अदलाबदल केली की वेव्ह फंक्शनचं चिन्ह उलटलं पाहिजे. स्पिन सारखा असला तर हे उलटणं जागेच्या भागालाच करावं लागतं, आणि मग दोघं एकाच जागी सापडण्याची शक्यता शून्य होते. आपोआप अंतर राखलं जातं, तिरस्करण कमी, एनर्जी खाली. उलट स्पिनवाल्यांना ही सूट मिळत नाही.

पण हे चालतं पाच ऑर्बिटल जवळपास एका पातळीवर असतील तोवरच. वेळ उरला होता म्हणून मॅडमनी पोटॅशियम फेरोसायनाइड भरायला दिलं, Fe²⁺, सहा d इलेक्ट्रॉन. हुंडच्या नियमाने आधी सगळ्या ऑर्बिटलमध्ये एकेक बसवायचा, मगच जोडी लावायची, त्या हिशेबाने चार एकटे हवेत. चुंबक चालू केला, तर वजन वाढायच्या ऐवजी किंचित कमी झालं, म्हणजे एकही एकटा नाही. सायनाइड पातळ्या इतक्या लांब फाकवतं की वर उडी मारण्यापेक्षा खालीच जोड्या लावणं स्वस्त पडतं.