गणंग

आमच्याकडे नागपंचमीच्या आदल्या दिवशी घरात ज्वारीच्या लाह्या फुटायच्या. आजीचं माहेर बत्तीस शिराळ्याकडचं, त्यामुळे या सणाला तिच्या अंगात वेगळंच वारं भरायचं. दोन दिवस आधी ती ज्वारी कडकडीत पाण्यात टाकायची, थोड्या वेळाने निथळायची आणि धोतराच्या फडक्यात गच्च बांधून रात्रभर ठेवायची. सकाळी ती सावलीत पसरायची आणि दाणा वरून कोरडा झाला की चुलीवरच्या तापल्या लोखंडी कढईत मूठमूठ टाकून फडक्याच्या बोळ्याने फिरवायची. भाजायची ज्वारी आधी भिजवायची कशाला, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. माझं लक्ष परातीच्या तळाशी राहिलेल्या न फुटलेल्या दाण्यांवर असायचं. आजी त्यांना गणंग म्हणायची. अभ्यास न करणाऱ्या मामालाही ती गणंगच म्हणायची.

हा शब्द यंदा जूनमध्ये मला पुन्हा आठवला. मार्चमध्ये गणपती पेठेतून पॉपकॉर्नच्या मक्याची अर्ध्या अर्ध्या किलोची दोन पाकिटं आणली होती. लेकीने उत्साहाने दोन्हींचे कोपरे कापले, मग परीक्षा आल्या आणि पाकिटं तशीच उघडी फळीवर राहिली. सांगलीचा एप्रिल-मे कसा असतो ते सांगायला नको. दोरीवरचा टॉवेल तासाभरात पापडासारखा होतो. पहिल्या पावसाला पॉपकॉर्न करायला घेतलं, तर निम्मे दाणे नुसतेच काळपटले आणि जे फुटले तेही चिमुकले, कडक. लेक म्हणाली, “आई, दुकानदाराने फसवलं.” मला तो फसवणारा वाटला नाही. दुसरं पाकीट काट्यावर ठेवलं, तर 484 ग्रॅम भरलं. दाणा एकही कमी झालेला नव्हता. म्हणजे सोळा ग्रॅम पाणीच उडालं होतं.

पॉपकॉर्नची सगळी मेख या पाण्यात आहे. चांगल्या दाण्यात वजनाच्या साधारण 14 टक्के पाणी असतं. हाताला दाणा खडखडीत लागतो, पण ते पाणी आत पिठूळ गरात मुरलेलं असतं. दाणा तापला की त्या पाण्याला वाफ व्हायचं असतं आणि साल त्याला होऊ देत नाही. शंभर अंश येतात आणि जातात, पाणी आतच कोंडलेलं राहतं. कुकरसारखंच, फक्त घरचा कुकर एकशेवीस अंशांच्या आसपास शिट्टी देऊन मोकळा होतो. हा दाणा शिट्टीच नसलेला कुकर आहे. तो 180 अंशांपर्यंत दम धरतो आणि तोवर आतला दाब आपल्या कुकरमधल्या दाबाच्या जवळपास पाच पट होतो. एवढ्या उष्णतेत पाणी आणि पीठ मिळून गराची दाट खळ झालेली असते. मग साल फाटते. दाब एका क्षणात उतरतो, कोंडलेलं पाणी एकदम वाफ होतं आणि त्या खळीत लाखो बुडबुडे फुगवत बाहेर पडतं. बाहेर येताच खळ गार होऊन आहे त्या आकारात गोठते. आपण खातो तो हा गोठलेला फेस.

फट्‌ हा आवाज साल फाटल्याचा असेल, असं मला वाटायचं. फ्रान्समधल्या दोन संशोधकांनी वेगवान कॅमेरा आणि मायक्रोफोन लावून दाणे फोडून पाहिले आणि 2015 साली लिहिलं, की तो आवाज बाहेर सुटणाऱ्या वाफेचा असतो.

मग मामाच्या मळ्यातला मका का फुटत नाही? तोही मकाच, पिवळाधमक, कोंबड्यांच्या खाद्याला जाणारा. लेकीच्या हट्टापायी तोही मूठभर कढईत टाकला. थोडा तडतडला, काही दाण्यांना भेगा पडल्या, बाकीचे खरपूस भाजले गेले. दोन्ही दाणे नखाने आडवे कापून पाहिले, तेव्हा फरक दिसला. मळ्यातल्या दाण्याच्या डोक्यावर खळगा असतो आणि आतला बराच गर पांढरा, भुसभुशीत, खडूसारखा. पॉपकॉर्नचा दाणा लहान, गोलसर, आणि आत जवळजवळ सगळा काचेसारखा घट्ट गर, मधोमध जरासा पांढरा ठिपका. भुसभुशीत गरात मुळातच पोकळ्या असतात, तिथे दाब नीट धरत नाही. शिवाय त्याची सालही पातळ, वाफ झिरपू देणारी. पॉपकॉर्नची साल जाड असते आणि तापताना तिच्यातले तंतू आणखी शिस्तीत बसून वाफेची वाट बुजवतात.

गव्हाची गत त्याहून वाईट. त्याचा कोंडा नाजूक, वर पोटावर ती लांब चीर. वाफ आरामात निघून जाते आणि हाती भाजलेला गहू राहतो. पांढऱ्या तांदळाला तर सालच ठेवलेली नसते. म्हणून भाताच्या लाह्या साळीच्या करतात, तूस अंगावर असताना. ज्वारीचा दाणा बारीक, गोल, पुष्कळसा घट्ट गराचा, म्हणून तो फुटतो. पण साल मक्याइतकी भक्कम नसल्याने लाही छोटीच राहते.

ज्याला स्वतःची साल नाही त्याला ती उसनी देता येते, हे अमेरिकेत अलेक्झांडर अँडरसन नावाच्या माणसाने करून दाखवलं. त्याने तांदूळ तोफेसारख्या लोखंडी नळीत बंद करून तापवले आणि झाकण एकदम उघडलं. 1904 साली सेंट लुईसच्या जत्रेत त्याने लोकांसमोर अशा तोफा डागून फुगलेले तांदूळ उडवले. नळी म्हणजे एका दाण्याऐवजी सगळ्यांची मिळून एकच साल.

हे कळल्यावर लेकीने दहा चांगल्या दाण्यांच्या साली नेलकटरने टोचल्या. कढईत त्यातला एकही धड फुटला नाही.

राहिला प्रश्न आमच्या पाकिटाचा. मूळ पाचशे ग्रॅममध्ये पाणी सत्तर ग्रॅम धरलं, तर आता चौपन्न उरलं होतं, म्हणजे 484 ग्रॅमला अकरा टक्क्यांच्या जरा वर. तीन टक्क्यांची तूट, तेवढ्याने सगळं बिघडलं. मग बरणीत दाणे ओतले, मोठा चमचाभर, म्हणजे पंधरा मिली पाणी घातलं, झाकण घट्ट लावलं आणि येता-जाता बरणी हलवत राहिलो. जास्त पाणी घालण्याचा मोह आवरावा लागतो. साल भिजून मऊ पडली तर ती दाब चढण्याआधीच फाटते आणि लाही चिवट होते. पाणी सालीतून गरापर्यंत मुरायला वेळ लागतो, म्हणून चार दिवस थांबलो. तोवर लेकीने बरणीला “हात लावू नये” अशी चिठ्ठी डकवली होती.

पाचव्या दिवशी तेलात आधी तीन दाणे टाकले. तिन्ही फुटल्यावर बाकीचे टाकले आणि वाफ जायला झाकण जरासं कलतं ठेवलं. आच अगदी मंद ठेवली तर वाफ देठाकडच्या टोकातून हळूहळू निसटते, म्हणून मध्यम ठेवली. कढई भरून वर आली.

बरणीत पाणी घालून दाणे चार दिवस झाकून ठेवणं आणि फडक्यात बांधलेली ज्वारी रात्रभर ठेवणं एकच आहे, हे मला झाकण उचलताना लक्षात आलं. आजीला 14 टक्के माहीत नव्हते. ती फडकं सोडून एक दाणा दाताखाली धरायची आणि म्हणायची, “अजून व्हायचाय.”

तळाशी अकरा गणंग निघाले. लेकीने ते खिडकीत नेऊन एकेक पाहिले. सातांच्या टोकाशी बारीक चीर होती, चार धडधाकट दिसत होते. ते चार तिने पुन्हा बरणीत टाकले.