शॉक ‘हार्ड’ लागतो तेव्हा आधी रिबाउंड बघा: माझा अनुभव

घाटात वळणाआधी रम्बलरच्या पट्ट्या लागतात. पहिल्या पट्टीवर मागचा शॉक व्यवस्थित काम करतो, पण चौथ्या-पाचव्या पट्टीपर्यंत सीट लाकडी पाटासारखी लागू लागते. बरेच जण अशा वेळी कम्प्रेशन मोकळं करतात. मी मात्र आधी रिबाउंड बघतो.

शॉक दबताना त्याला आवरतं ते कम्प्रेशन, आणि दबलेली स्प्रिंग परत उघडताना आवरतं ते रिबाउंड. रिबाउंड जास्त बंद असेल तर शॉक पूर्ण उघडायच्या आतच पुढची पट्टी येते. तो दर दणक्याला आणखी खाली बसत जातो आणि शेवटी दबायला जागाच उरत नाही. त्यात कम्प्रेशन मोकळं केलं तर तो आणखी खोल जातो. मागची बाजू बसल्यामुळे पुढचं चाक हलकं पडतं आणि बाइक वळणात बाहेर पळते.

आधी प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, लावून सॅग, म्हणजे वजनाने मागची बाजू किती बसते ते, ठरवा. रस्त्यावरच्या बाइकला, रायडर बसलेला असताना, साधारण 30 ते 35 मिमी ठीक असतो. मग रिबाउंडचा स्क्रू घड्याळाच्या दिशेने बंद होईपर्यंत क्लिक मोजत फिरवा आणि तो आकडा लिहून ठेवा. स्क्रू टेकला की थांबा. जोर लावला तर तेलाची वाट कमी-जास्त करणारी आतली सुई आणि तिची बैठक खराब होते.

समजा एकूण 20 क्लिक आहेत आणि बाइक पूर्ण बंदपासून 4 वर आहे. दहा-पंधरा मिनिटं चालवून शॉकमधलं तेल गरम होऊ द्या, मग दोन-दोन क्लिक उघडत त्याच पट्ट्यांवरून त्याच वेगाने जा. 10 वर दणके एकसारखे लागू लागतात. 14 वर मोठ्या उंचवट्यानंतर सीट पाठीमागून ढकलते आणि बाइक पुन्हा एकदा वरखाली होते. म्हणजे तेल आता स्प्रिंगला पुरेसं आवरत नाही. 12 वर परत यायचं. मागे पिलियन किंवा सामान घेऊन प्रीलोड वाढवला तर रिबाउंडही एक-दोन क्लिक बंद करावं लागतं.

कम्प्रेशनला हात यानंतरच लावायचा. पुढच्या फोर्कच्या चकचकीत नळीवर केबल टाय सैलसर बांधून सीलला टेकवा आणि नेहमीच्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारून बघा. टाय नळीच्या अगदी टोकापर्यंत सरकत असेल तर कम्प्रेशन दोन क्लिक बंद करा. बराचसा ट्रॅव्हल, म्हणजे दबण्याचा पल्ला, न वापरता राहत असेल आणि हँडलला बारीक थरथर येत असेल, तर उघडा. काही फोर्कमध्ये एका पायात कम्प्रेशन आणि दुसऱ्यात रिबाउंड असतं. अशा फोर्कचे दोन्ही पाय जुळवू नका.

धारदार खड्ड्याचा दणका मात्र या स्क्रूने फारसा कमी होत नाही. तिथे तेल सुईजवळून न जाता पिस्टनवरच्या पातळ चकत्या वाकवून जातं, आणि त्या चकत्या बदलायच्या तर शॉक उघडावाच लागतो.